माइनक्राफ्ट : ठरलेल्या मित्रांशी आणि ठरलेल्या वेळेतच, हे कुलूप नेमकं कसं लावायचं

आमच्या सोसायटीतल्या पालकांकडून दर सुट्टीत तीच तक्रार ऐकू येते. "फॅमिली लिंक लावलंय हो, तरी पोराच्या खेळात कोण कोण अनोळखी येतंय." फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप, यात त्याचा काही दोष नाही. ते टॅबलेट किती वेळ चालावा हे पाहतं, खेळात कोण यावं हे पाहतच नाही. मित्रांचं कुलूप दुसरीकडे असतं आणि त्याची किल्ली दुसऱ्याच खात्यात असते. बहुतेक पालक एकच कुलूप लावतात आणि दोन्ही लागली असं धरून चालतात.

इथे मी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेणार आहे. मुलगा दहा वर्षांचा. अँड्रॉइड टॅबलेट. खेळ माइनक्राफ्ट, म्हणजे मोबाइल-टॅबलेटवर चालणारी बेडरॉक आवृत्ती. मित्र तीनच: सोसायटीतले दोघे आणि न्यू जर्सीत राहणारा आतेभाऊ. आमच्या घरी हीच मांडणी आहे, त्यामुळे अडखळण्याच्या जागा मला चांगल्या ठाऊक झाल्या आहेत.

सुरू करण्याआधी : खेळ असा आहे का?

ज्या खेळात "खेळा" दाबलं की खेळच पन्नास-शंभर अनोळखी खेळाडूंमध्ये नेऊन उतरवतो, तिथे "फक्त ओळखीचे" हे जमणारच नाही, कारण त्या खेळाची रचनाच तशी असते. फार तर बोलणं बंद करता येतं. आधी हे तपासा. माइनक्राफ्टमध्ये मूल स्वतःचं जग उघडतं आणि मित्र त्यात येतात, म्हणून तिथे ही मांडणी चालते.

१. तयारी : कागद, फोन आणि अर्धा तास

टॅबलेट हातात घेण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. कोणत्या मुलांना परवानगी, त्यांचे गेमरटॅग काय, आणि कोणत्या दिवशी किती ते किती. गेमरटॅग म्हणजे खेळातलं नाव. तो मुलाला विचारू नका. त्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना फोन करा आणि त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागवा.

स्क्रीनशॉटच का, ते सांगते. मी पहिल्यांदा फोनवर ऐकून नाव टाकलं. त्या नावात इंग्रजी O होता, मी शून्य टाकला. त्याच नावाचा दुसराच कुणी खेळाडू निघाला, त्याने विनंती लगेच स्वीकारली, आणि चार दिवस माझ्या मुलाच्या यादीत एक संपूर्ण अनोळखी माणूस "मित्र" म्हणून बसला होता. काही नावांच्या शेवटी # आणि आकडे असतात. ते आकडेही नावाचाच भाग आहेत, ते गाळलेत तर शोधात भलतीच माणसं येतात.

त्याच फोनवर आणखी एक विचारून घ्या: त्यांचं मूल कोणत्या यंत्रावर खेळतं? आमचा आतेभाऊ निन्टेन्डो स्विचवर खेळतो. त्याने एक वेगळी परवानगी लागते, ती पुढे येईल. शिवाय स्विचवर ऑनलाइन खेळायला त्याच्या बाजूने निन्टेन्डोचं सशुल्क सदस्यत्व असावं लागतं. ते नसेल तर तुम्ही इकडे कितीही सेटिंग बदललीत तरी तो दिसणार नाही.

२. मुलाचं मायक्रोसॉफ्ट खातं, खऱ्या जन्मतारखेसह

माइनक्राफ्टमधले मित्र मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर असतात, गुगलच्या नाही. टॅबलेटवर मुलाचं गुगल खातं असेलच. त्याने खेळ उतरवता येतो, तेवढंच.

आधी तुमचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं हवं. त्याने account.microsoft.com/family इथे जा, कुटुंबात सदस्य जोडा आणि मुलासाठी नवं खातं तिथूनच काढा. जन्मतारीख खरी टाका.

सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो. मुलाने आधीच स्वतः खातं काढलेलं असतं आणि लवकर पुढे जाता यावं म्हणून जन्मसाल काहीतरी टाकलेलं असतं. मग मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो प्रौढ माणूस असतो. तुम्ही त्याला कुटुंबात जोडलंत तरी त्याच्यावर तुमचं नियंत्रण बसत नाही, आणि तो मनात येईल तेव्हा कुटुंबातून बाहेर पडू शकतो. आधीचं खातं असेल तर प्रथम त्यातली जन्मतारीख पाहा.

दुसरा घोळ म्हणजे खेळ बाबांच्या खात्यावर चालू असणं. "तेव्हा घाईत माझंच टाकलं होतं" असं कारण असतं. अशा वेळी पुढचं सगळं वाया जातं, कारण मुलाच्या खात्यावर लावलेली बंधनं बाबांच्या खात्याला लागत नाहीत.

*तपासा :* कुटुंबाच्या पानावर मुलाचं नाव सदस्य म्हणून आणि तुमचं व्यवस्थापक म्हणून दिसतंय का? आई-वडील दोघांनाही व्यवस्थापक करून ठेवा. एकाचा फोन हरवला तर अडत नाही.

३. एकदा खेळात शिरा, मग बाहेर या

मुलाच्या खात्याने माइनक्राफ्टमध्ये साइन इन करा आणि गेमरटॅग तयार होऊ द्या. नावात खरं नाव, आडनाव, शाळा किंवा जन्मसाल येऊ देऊ नका. नाव तयार झालं की खेळ बंद करा.

ही पायरी गाळून पुढे गेलात तर पुढच्या पानावर मुलाचं प्रोफाइलच सापडत नाही. पालक मग तिथे आपल्याच खात्याची सेटिंग बदलून बसतात आणि समजतात की मुलाची बदलली.

४. मित्रांचं कुलूप

शक्यतो लॅपटॉपवर account.xbox.com/settings उघडा, तुमच्या स्वतःच्या खात्याने. एक्सबॉक्स ही मायक्रोसॉफ्टचीच खेळांची सेवा, म्हणून एक्सबॉक्सचं यंत्र घरात नसलं तरी पान हेच. "Privacy & online safety" मध्ये जा. वर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं दिसतात. मुलाचं नाव निवडा, आणि निवडलंय याची पुन्हा खात्री करा. यादी लांबलचक आहे, पण आपल्याला चारच ओळी हव्यात. शब्दरचना अधूनमधून थोडी बदलते, तेव्हा अर्थ पाहून ओळ शोधा.

पहिली ओळ "join multiplayer games". ही चालू ठेवा, नाहीतर कुणाशीच खेळता येणार नाही.

दुसरी ओळ क्रॉस-नेटवर्क खेळाची. स्विच किंवा प्लेस्टेशनवरचा मित्र असेल तरच ही चालू करा. आमच्याकडे आतेभावासाठी ती चालू आहे. तुमच्या यादीतली सगळी मुलं फोन-टॅबलेटवर असतील तर बंदच असू द्या.

तिसरी ओळ "Others can communicate with voice, text, or invites". इथे "Friends" निवडा. सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं नाही, आणि पूर्ण बंदही करायचं नाही. पूर्ण बंद केलं की मित्रांची आमंत्रणंही येत नाहीत, मूल रडतं, आणि वैतागून पालक सगळंच मोकळं करून टाकतात.

चौथी ओळ "add friends". ही सध्या चालू ठेवा. नंतर बंद करायची आहे.

आता पानाच्या तळाशी जाऊन "Submit" दाबा. वेगवेगळे भाग असतील तर प्रत्येक भागात दाबा. ते न दाबता पान बंद केलं की एकही बदल टिकत नाही. ओळीवर खूण बदललेली दिसते, म्हणून झालं असं वाटतं. मदतीला बोलावणाऱ्या निम्म्याअधिक घरांत मला हीच चूक सापडते.

त्यानंतर टॅबलेटवर खेळातून साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. नवीन सेटिंग त्याशिवाय लागू होईलच असं नाही.

५. मित्र आत घ्या, दार लावा

मुलाला शेजारी बसवा. कागदावरचे तीन गेमरटॅग एकेक करून शोधा, स्क्रीनशॉटशी अक्षर अन् अक्षर जुळवा आणि विनंती पाठवा. पलीकडच्या पालकांना फोन करून ती स्वीकारायला सांगा. त्यांच्या मुलाचंही "add friends" त्या क्षणी चालू असायला हवं. दोन्ही घरांनी एकाच वेळी बसलं तर काम दहा मिनिटांत होतं.

यादीत बरोबर तीन नावं दिसली की सेटिंगच्या पानावर परत जा आणि "add friends" बंद करा. पुन्हा "Submit". आधी जोडलेले मित्र तसेच राहतात, मुलाला नवीन कुणी जोडता येत नाही. सगळी मांडणी या क्रमावर उभी आहे. आधी बंद करून मग जोडायला गेलात तर विनंतीच जात नाही, आणि चालूच ठेवलंत तर आठवड्याभरात यादी तीसवर जाते.

*तपासा :* मुलाला समोर बसवून एखादं चौथं नाव जोडायला सांगा. जोडता आलं तर "Submit" राहिलंय किंवा तुम्ही भलत्याच प्रोफाइलवर काम केलंय.

६. जगाचं दार : "मित्रांचे मित्र" ही फट

एवढं केल्यावरही अनोळखी मूल जगात येऊ शकतं. खेळातलं प्रत्येक जग कुणासाठी उघडं हे त्या जगाच्या सेटिंगमध्ये वेगळं ठरतं. जगाच्या नावाशेजारची पेन्सिल दाबा, "Multiplayer" मध्ये जा. तिथे फक्त आमंत्रित, फक्त मित्र आणि मित्रांचे मित्र असे पर्याय असतात. "Friends of friends" असेल तर सोसायटीतल्या मित्राचा शाळेतला कुणी, आणि त्या शाळेतल्याने कुठून तरी जोडलेला कुणी, असा शिरू शकतो. "Friends only" करा, किंवा मूल लहान असेल तर "Invite only".

हे प्रत्येक जगाला वेगळं लावावं लागतं. मुलं दर रविवारी नवीन जग बनवतात, त्यामुळे हे मुलालाच शिकवा. माझ्या मुलाला ते आता माझ्यापेक्षा पटकन करता येतं.

याहून अवघड फट म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं जग. तुमचं मूल मित्राच्या जगात गेलं की तिथे त्या घराचं सेटिंग चालतं. तिथे "मित्रांचे मित्र" असेल तर तुमचं मूल अनोळखी मुलांसोबत खेळतं. बोलण्याला आपण चौथ्या पायरीत आवर घातलेला आहे, पण ती मुलं समोर वावरतात, घरं मोडतात. याला तांत्रिक उपाय तुमच्या हातात नाही. त्या तिन्ही पालकांना या पायरीचं सेटिंग दाखवा आणि सगळ्यांनी तेच ठेवायचं ठरवा. आम्ही तर नियमच केला की जग एकाच घराचं, बाकीच्यांनी तिथे यायचं.

> सावधान : खेळाच्या पडद्यावर सार्वजनिक सर्व्हरही, म्हणजे कुणीही अनोळखी येऊन खेळू शकतो अशी जगं, दिसतात आणि "join multiplayer games" चालू असलं की त्यांचं दारही उघडं राहतं. मित्रांपुरतं खेळणं आणि सर्व्हर यांना वेगळं करणारी ओळ या चारांत नाही. "सर्व्हरच्या पडद्यावर जायचं नाही" हा नियम तोंडी सांगावा लागतो, आणि सुरुवातीचे काही आठवडे टॅबलेट दिवाणखान्यातच ठेवावा लागतो. ज्यांना एवढंही नको, त्यांनी "join multiplayer games" एरवी बंद ठेवून आठवड्यातल्या ठरलेल्या वेळीच चालू करावं. कटकट आहे, पण सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मी तेच करेन.

७. वेळेचं कुलूप

आता फॅमिली लिंक. टॅबलेट मुलाच्या गुगल खात्यावर असावा आणि ते खातं तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकला जोडलेलं असावं. टॅबलेटवर आईचं किंवा ताईचं गुगल खातंही असेल तर काढून टाका. नाहीतर प्ले स्टोअरमध्ये खातं बदललं की तुमची परवानगी विचारलीच जात नाही.

वेळ लावताना दोन वेगळ्या गोष्टी लक्षात घ्या. "Daily limit" म्हणजे दिवसाला किती मिनिटं. "Downtime" म्हणजे कोणत्या तासांत टॅबलेट बंदच. नुसती मर्यादा लावलीत तर मूल ती पाऊण तासाची मर्यादा रात्री अकरालाही वापरतं. नुसता डाउनटाइम लावलात तर उरलेल्या सगळ्या वेळेत खेळतं. दोन्ही लावा.

आमचं वेळापत्रक असं आहे. सोमवार ते शुक्रवार ४५ मिनिटं. डाउनटाइम रात्री ८ ते सकाळी ७. तुमच्या फॅमिली लिंकमध्ये "School time" दिसत असेल तर त्यात सकाळी ७ ते संध्याकाळी ५ टाका. मग शाळेच्या दिवशी टॅबलेट फक्त ५ ते ८ या वेळात उघडतो आणि त्यातही ४५ मिनिटंच. शनिवार-रविवार दोन तास.

रविवारची सकाळ आतेभावासाठी राखलेली आहे. न्यू जर्सीत उन्हाळी वेळ असताना तिथले शनिवार रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे रविवार सकाळचे सात. म्हणून डाउनटाइम सातला संपतो. रविवारी सकाळी टॅबलेट बंदच राहिला तर शनिवारची ओळ पाहा. डाउनटाइम रात्री सुरू होऊन सकाळी संपतो, त्यामुळे रविवार सकाळ शनिवारच्या रात्रीत मोडते.

> सावधान : ज्याच्या टॅबलेटवर जग उघडलेलं असतं तो टॅबलेट बंद झाला की जगातले सगळे एकदम बाहेर फेकले जातात. तीन मुलांची भांडणं यावरूनच होतात. म्हणून ज्याची वेळ सगळ्यात उशिरा संपते त्याचं जग वापरा. वेळ संपत आल्याची सूचना टॅबलेटवर येते. ती दिसली की आवरायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

फॅमिली लिंकमध्ये टॅबलेटच्या सेटिंगमध्ये आणखी तीन गोष्टी बंद करा: नवीन वापरकर्ता जोडणं, बाहेरून मिळालेली अ‍ॅप टाकणं आणि डेव्हलपर ऑप्शन्स. पहिली उघडी राहिली तर पाहुणा वापरकर्ता बनवून मूल वेळेच्या बाहेर खेळू शकतं.

घरात विंडोजचा लॅपटॉप असेल आणि त्यावरही माइनक्राफ्ट असेल, तर फॅमिली लिंक तिथे पोहोचत नाही. तिथले तास दुसऱ्या पायरीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब पानावरून लावा. टॅबलेटवर पाऊण तास संपवून मूल लॅपटॉपवर बसलं तर त्याने कुठलंही कुलूप तोडलेलं नाही, तिथे कुलूपच नव्हतं.

८. परीक्षा : आईला अनोळखी बनवा

तुमच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा गेमरटॅग मुलाच्या यादीत टाकू नका. त्याच खात्याने तुमच्या फोनवरून या तीन गोष्टी करून पाहा.

मुलाला निरोप पाठवा. जायला नको. मित्र होण्याची विनंती पाठवा आणि मुलाला ती स्वीकारायला सांगा. स्वीकारता यायला नको. मग मुलाला जग उघडायला सांगा आणि तुमच्या फोनवर ते दिसतंय का पाहा. ही तिसरी परीक्षा करताना वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर जा. एकाच वाय-फायवर असलात तर जग घरातल्या नेटवर्कवरून दिसू शकतं आणि तुम्ही उगाच घाबराल.

त्यानंतर सोसायटीतल्या एका मित्राला यायला सांगा. तो आत आला पाहिजे. उलट मुलाच्या पडद्यावर "You cannot play online multiplayer because of how your Microsoft account is set up" अशा अर्थाचा संदेश आला तर "join multiplayer games" बंद राहिलंय, किंवा साइन आउट-साइन इन करायचं राहिलंय. सोसायटीतला मित्र येतो पण स्विचवाला येत नाही, असं असेल तर क्रॉस-नेटवर्कची ओळ आणि त्याचं निन्टेन्डोचं सदस्यत्व पाहा. बाकी काही बदलू नका. घाबरून चार सेटिंग एकदम बदलली की कोणत्या बदलाने काम झालं ते कळत नाही, आणि नको ती दारं उघडी राहतात.

९. बोलणं खेळाबाहेर होतं

बेडरॉक माइनक्राफ्टमध्ये आवाजाने बोलायची स्वतःची सोय नाही, फक्त लिहिता येतं. त्यामुळे मुलं खेळताना बाजूला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉल लावतात. वरची सगळी बंधनं त्या कॉलला लागू नाहीत. कॉल पालकांच्या फोनवरून लावा, स्पीकरवर, आणि ग्रुपमध्ये तीच तीन घरं ठेवा. ग्रुपची आमंत्रण लिंक कुणालाही पाठवायची नाही.

१०. चौथा मित्र आला तर

येणारच आहे. आमच्याकडे शाळेतल्या बसमधला एक आला. क्रम तोच: आधी पालकांना फोन, स्क्रीनशॉट, मग "add friends" चालू, "Submit", नाव जोडायचं, पलीकडून स्वीकारलं की पुन्हा बंद, पुन्हा "Submit". शेवटचं बंद करणं विसरायला होतं, म्हणून मी फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावून मगच सुरुवात करते.

महिन्यातून एकदा मुलाच्या खात्याची मित्रयादी उघडून कागदाशी ताळा करा, आणि चालू जगांची "Multiplayer" सेटिंग पाहून घ्या. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्यासारखा कुणाचा भाऊ अमेरिकेत असेल तर वर्षातून दोन तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या दिवशी तिथली घड्याळं सरकतात. नोव्हेंबरनंतर तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले सकाळचे आठ होतात. म्हणजे टॅबलेट सातला उघडतो आणि भाऊ आठला येतो. मधला तास मुलगा एकटाच खेळून घालवतो, आणि दोन तासांतला एक भावाच्या आधीच संपून जातो. मार्चपर्यंत शनिवारच्या ओळीत डाउनटाइम सकाळी ८ ला संपेल असा करा, आणि मार्चमध्ये परत ७ वर आणा.